टिकली, चष्मा आणि बारा फोटो

आपल्या चेहऱ्याचं छोटं मॉडेल घरच्या संगणकावर तयार करायचं, मग हौसेनं त्याच्याकडे अंतराळवीराच्या पोशाखातलं चित्र मागायचं, आणि चित्रात पोशाखाच्या गळ्यापाशी ओळखीच्या पिवळ्या साडीचा काठ डोकावायचा, मागे अवकाशाच्या जागी गॅलरीचं ग्रिल दिसायचं. या छंदातल्या नवख्या माणसाला हा अनुभव हमखास येतो. त्याला वाटतं, कुठलं तरी सेटिंग चुकलं. बहुतेक वेळा सेटिंग ठीकच असतं. चुकलेले असतात ते फोटो: बाराच्या बारा एकाच दुपारी, एकाच गॅलरीत, एकाच साडीत काढलेले.

हे का घडतं ते कळायला आधी या छोट्या मॉडेलाची जात समजून घ्यावी लागते. स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं मोठं मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांवर ते शिकलेलं होतं. त्याला ‘बाई’ म्हणजे काय ते ठाऊक होतं, पण तुमची मावशी ठाऊक नव्हती. त्याच महिन्यात गूगल आणि बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘ड्रीमबूथ’ नावाची पद्धत मांडली. एखाद्या वस्तूचे किंवा प्राण्याचे तीन ते पाच फोटो आणि एक विरळा शब्द दिला, की मोठं मॉडेल त्या शब्दाला त्या वस्तूची ओळख जोडून घेतं. मात्र त्यासाठी अख्खं मॉडेल बदलावं लागे. ‘लोरा’ने ही अडचण सोडवली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ही युक्ती २०२१ मध्ये भाषेच्या मॉडेलांसाठी काढली होती. मोठ्या मॉडेलाला हात न लावता फक्त त्याला जोडायची एक छोटी पुरवणी शिकवायची, ही तिची कल्पना. २०२२ संपता संपता ती चित्रांच्या मॉडेलांनाही लागू झाली. मूळ मॉडेल काही गिगाबाइटचं असतं, पुरवणी काही दहा मेगाबाइटपासून शे-दोनशेपर्यंत. हौशी मंडळी ‘माझं मॉडेल’ म्हणतात ते आज बहुधा ही पुरवणीच असते.

शिकवणी चालते ती अशी. फोटोवर मुद्दाम गढूळ ठिपक्यांचा थर चढवला जातो, सोबत त्या फोटोची कॅप्शन दिली जाते, आणि मॉडेलाने ओळखायचं असतं की यातले ठिपके कोणते. जितकं चुकेल तितकी पुरवणीत दुरुस्ती होते. हेच हजारभर वेळा. या सगळ्यात मॉडेलाला कुणी सांगत नाही, की चेहरा इथे सुरू होतो आणि इथे संपतो. नाक आणि साडीचा काठ त्याच्या लेखी सारखेच. बाराही फोटोंत जे समान असेल ते त्या नावाशी बांधलं जातं. म्हणून फोटो निवडण्याचं आणि कॅप्शन लिहिण्याचं काम शेवटी एकच असतं: चेहऱ्याची हद्द आखून देणं.

उदाहरण म्हणून एक कल्पित पण अगदी शक्य असलेला प्रसंग घेऊ. पुण्यातल्या एका प्रायोगिक नाट्यसंस्थेला नव्या नाटकाच्या पोस्टरसाठी कच्चे आराखडे करून पाहायचे आहेत. नाटकातली मुख्य अभिनेत्री पस्तिशीची आहे. तिची याला लेखी संमती आहे. डाव्या ओठाच्या वर तीळ, कधी चष्मा तर कधी लेन्स, आणि कपाळावर जवळजवळ नेहमी लाल टिकली. नाटकात तिला एका प्रवेशात ग्रीक राणी व्हायचं आहे. तिथे टिकली नको.

तिच्या फोनमध्ये शेकडो फोटो आहेत, आणि पहिला सापळा तिथेच आहे. सर्वांत सुंदर फोटो म्हणून जे बारा निवडले जातील, त्यांतले निदान सात एखाद्या लग्नातले निघतील: एकच पैठणी, एकच अंबाडा, तेच दागिने, फ्लॅशचा तोच सपाट उजेड. हे मोजायला सात असले तरी शिकवणीच्या दृष्टीने एकच फोटो सात वेळा दाखवल्यासारखं आहे. त्यांतला एक ठेवावा, सहा काढावेत. एकाच प्रसंगातून दोनांहून जास्त फोटो घ्यायचे नाहीत, एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं.

उरलेल्या जागा कशा भरायच्या? साधारण सहा फोटो असे हवेत, ज्यांत चेहरा आणि खांदे चौकट भरून टाकतात. चार कमरेपर्यंतचे. दोन पूर्ण उभे. या प्रमाणामागे अंकगणित आहे. ही मॉडेलं चित्र जसंच्या तसं हाताळत नाहीत, आधी ते दोन्ही बाजूंनी आठपट आकसवून घेतात. एसडीएक्सएल या मॉडेलाला दिलेला १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा फोटो आतमध्ये १२८ बाय १२८ चौकोनांचा उरतो. उभ्या माणसाच्या पूर्ण फोटोत डोकं त्याच्या उंचीच्या सातव्या-आठव्या भागाइतकं असतं. म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला उभे जेमतेम बारा-पंधरा चौकोन येतात. त्यात तीळ कुठला आणि पापणीची घडी कुठली? पूर्ण फोटोंतून मॉडेल तिची उंची-बांधा आणि उभं राहण्याची लकब शिकतं. चेहरा शिकायचा तो जवळच्या फोटोंतून. सगळेच जवळचे दिले तर मात्र ते दर वेळी पासपोर्टसारखी चौकटच काढून देतं, कितीही सांगा, मागे सरकत नाही.

जवळचे म्हटलं की लोक सेल्फी देतात. सेल्फीत एक जुनी खोड आहे, जी मॉडेल प्रामाणिकपणे उचलतं. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याच्या जवळचं सगळं फुगतं, आणि सर्वांत जवळ असतं नाक. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं: पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद भासतं. बारापैकी नऊ सेल्फी असतील तर अभिनेत्रीला ते नाक कायमचं चिकटलं. त्यापेक्षा कुणाला तरी पाच-सहा फुटांवर उभं करून फोनवर दुप्पट झूम लावून फोटो काढून घ्यावा. सेल्फीची दुसरी खोड म्हणजे आरसा. काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो उलटा साठवतात, काही सुलटा. दोन्ही मिसळले तर तीळ कधी डाव्या ओठावर, कधी उजव्या, आणि तयार चित्रांत तो मनाला येईल तिथे उगवतो. प्रशिक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो आपोआप उलटवून संख्या दुप्पट करण्याची सोय असते. कुत्र्या-मांजरांसाठी ती चालते. माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंना सारखा नसतो, भांगही एका बाजूला असतो, आणि आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत असते. ती सोय बंदच ठेवावी.

मग कोन. समोरून चार-पाच, तीन-चतुर्थांश वळलेले दोन्ही बाजूंचे मिळून चार, अगदी बाजूने एक तरी, आणि किंचित वरून किंवा खालून एखादा. बाजूचा फोटो हौशी संचांत सहसा नसतोच, कारण तसा फोटो कुणी स्वतःचा काढत नाही. पण तो नसेल तर मॉडेल तिच्या नाकाचा कणा आणि हनुवटी स्वतःच्या अंदाजाने रचतं, आणि तो अंदाज ‘कुठल्याशा बाई’चा असतो. दातांचंही तसंच. बाराही फोटोंत तोंड मिटलेलं असेल, तर मागितलेलं हसू दुसऱ्या कुणाच्या तरी दातांचं येतं. जे दाखवलं नाही ते मॉडेलाला कळत नाही, पण ते अडून बसत नाही, बेधडक भरून टाकतं.

उजेडात फरक हवा: खिडकीजवळचा मऊ उजेड, बाहेरचं ऊन, घरातला रात्रीचा दिवा, आणि ही अभिनेत्री असल्याने रंगमंचावरच्या निळ्या प्रकाशातला एक. असे रंगीत फोटो दोन-तीन झाले तर मात्र त्वचेचा रंगच बिघडतो. फोनचं ‘ब्यूटी’ सेटिंग लागलेला एकही फोटो घेऊ नये, कारण घासून गुळगुळीत केलेली कातडी मॉडेल तिची खरी कातडी समजतं. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आधीच आवळलेला असतो. मूळ फाइल मागवावी, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. दहा वर्षांपूर्वीचे फोटोही नकोत. पंचविशी आणि पस्तिशी मिसळली की मधलीच एक तिसरी बाई तयार होते.

आणि टिकली. सापडलेल्या बारापैकी अकरा फोटोंत ती आहे. इथे अनेकांचा समज असा, की कॅप्शनमध्ये लिहिलं की सुटलं. ते अर्धंच खरं आहे. कॅप्शनमुळे मॉडेलाला इशारा मिळतो की हा लाल ठिपका ही वेगळी गोष्ट आहे. पण तिचं मोकळं कपाळ त्याने पाहिलेलंच नसेल, तर तो इशारा फार पुढे जात नाही. उपाय साधा आहे: अभिनेत्रीला टिकली काढायला सांगून, वेगवेगळ्या दिवशी, चार-पाच नवे फोटो काढून घ्यायचे आणि जुन्यांतले तेवढे वगळायचे. चष्म्याला हीच रीत, चार फोटोंत चष्मा, आठांत नाही. जे वेगळं करायचं आहे ते काही फोटोंत असावं आणि काहींत नसावं, ही कॅप्शनच्याही आधीची पायरी आहे.

आता कॅप्शन. प्रत्येक फोटोच्या नावाचीच एक साधी मजकुराची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवायची असते, `05.jpg`साठी `05.txt`. मजकूर इंग्रजीत लिहावा लागतो, कारण या मॉडेलांचा शब्द वाचणारा भाग मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला आहे. सुरुवात होते ती ओळखीच्या शब्दाने. हा शब्द असा हवा, की मॉडेलाच्या मनात त्याचा आधीपासून काही अर्थ नसेल. ड्रीमबूथच्या सुरुवातीच्या दिवसांत सगळे सर्रास `sks` वापरत. पुढे लोकांच्या चित्रांत अधूनमधून बंदुका दिसू लागल्या, कारण याच नावाची एक सोव्हिएत रायफल आहे आणि मॉडेलाने तिचे फोटो पाहिलेले होते. मग `ohwx`सारखी निरर्थक अक्षरं रूढ झाली. अभिनेत्रीचं खरं नाव टाकण्याचा मोह टाळावा. त्या नावाची कुणी प्रसिद्ध व्यक्ती असेल तर दोन चेहरे एकमेकांत शिरतात.

या शब्दापुढे वर्ग सांगणारा शब्द येतो, इथे `woman`. त्यामुळे माणूस, स्त्री, शरीर हे सगळं मॉडेलाला पहिल्यापासून शिकावं लागत नाही. त्यानंतर जे लिहायचं त्याचं सूत्र ऐकायला उलटं वाटतं: जे तिचं कायमचं आहे ते लिहायचं नाही, जे त्या दिवसापुरतं आहे ते लिहायचं. शिकवणीच्या वेळी चित्रातल्या प्रत्येक गोष्टीचं श्रेय मॉडेल कॅप्शनमधल्या कुठल्या ना कुठल्या शब्दाला देत असतं. ‘निळी साडी’ हे शब्द असतील तर निळेपणा त्यांच्या खात्यावर जातो. ते नसतील तर तो `ohwx`च्या खात्यावर साचतो. उलट ‘वरच्या ओठावर तीळ’ असं लिहिलं, तर तीळ त्या शब्दांच्या हवाली होतो, आणि पुढे चित्र मागताना दर वेळी तो वेगळा मागावा लागतो.

पाचव्या फोटोत अभिनेत्री बसच्या खिडकीशी बसली आहे, पिवळा कुर्ता, चष्मा, टिकली, केस मोकळे, नजर बाहेर. चेहरा पूर्ण बाजूने दिसतो. नवखा माणूस लिहितो:

```
ohwx, beautiful Indian woman with sharp nose,
long black hair, mole above lip, sitting
```

यात नाक, तीळ, केसांचा रंग ही तिची ओळखच दुसऱ्या शब्दांना वाटून टाकली आहे. `beautiful` या शब्दाने मॉडेलाच्या डोक्यातल्या जाहिरातीतल्या चेहऱ्यांना आवतण दिलं आहे. पिवळा कुर्ता, बस आणि चष्मा यांचा मात्र पत्ता नाही. ते सगळं तिच्यावर चढणार. जाणता माणूस लिहितो:

```
ohwx woman, side profile, sitting by a bus window,
wearing glasses, red bindi, yellow kurta, hair loose,
looking outside, daylight
```

टिकली नसलेल्या फोटोत ‘टिकली नाही’ असं लिहू नये. ही मॉडेलं नकार नीट वाचत नाहीत, शब्द दिसला की ती वस्तूच आठवतात. तिथे तो शब्द गाळावा, बस्स. सगळीकडे एकच शब्द वापरावा. एका फाइलमध्ये `bindi`, दुसरीत `red dot`, तिसरीत `forehead mark` असं लिहिलं, की इशाऱ्याचे तीन तुकडे होतात. नथीचा प्रश्न थोडा अवघड आहे. `nath` हा शब्द मॉडेलाला फारसा ओळखीचा नसतो, आणि `nose ring` म्हटलं की ते साधी वाळी काढतं. ज्या एका फोटोत नथ आहे तो सरळ वगळणं, हे या संचापुरतं शहाणपणाचं.

बारा कॅप्शन हाताने लिहायला अर्धा तास लागतो, तरी लोक ते काम आपोआप कॅप्शन लिहिणाऱ्या मॉडेलाकडे सोपवतात. त्यांतलं ‘ब्लिप’ हे जुनं आणि लोकप्रिय. त्याची मोठी आवृत्ती वाक्याच्या सुरुवातीला `arafed` असा एक शब्द घालत असे, जो कुठल्याही शब्दकोशात नाही. बाराही फाइलींत हा शब्द तसाच राहिला तर तो आपोआप दुसरा ओळखशब्द होऊन बसतो आणि चेहऱ्याचा काही हिस्सा खातो. यंत्राचा मसुदा घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक ओळ फोटोशेजारी ठेवून वाचल्याशिवाय ती फाइल पुढे जाऊ देऊ नये.

प्रशिक्षणाचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. ‘कोह्या’ या प्रचलित साधनात फोल्डरला `10_ohwx woman` असं नाव दिलं, तर प्रत्येक फोटो एका फेरीत दहा वेळा पाहिला जातो. बारा फोटोंच्या एका फेरीत १२० पावलं झाली, दहा फेऱ्यांत १,२००. पुरवणी प्रत्येक फेरीअखेर साठवून ठेवायला सांगावी, कारण शेवटची फेरी सर्वांत चांगली असेलच असं नाही. बहुधा नसते.

निकाल तपासायचा तो संचात नसलेल्या गोष्टी मागून. गॅलरीत साडी नेसलेली अभिनेत्री मागितली आणि ती आली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक फेरीच्या पुरवणीला तेच चार-पाच प्रश्न द्यावेत: ग्रीक राणीच्या पांढऱ्या वस्त्रातली, पावसात छत्री घेतलेली, बाजूने दिसणारी, पेन्सिलने रेखाटलेली. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तिची धाकटी बहीण वाटेल असा चेहरा येतो, म्हणजे शिकणं अपुरं आहे. सहाव्या-सातव्या फेरीच्या आसपास ओळख पटते. आणखी पुढे गेलं की पेन्सिलचित्र मागूनही फोटोच येतो, रंग भडक होतात, छत्री गायब होते आणि बसची खिडकी परत येते. पाठांतर झालं. ग्रीक राणीच्या कपाळावर टिकली आली का, हे प्रत्येक फेरीत पाहायचंच.

शेवटची एक चाचणी बहुतेक लोक विसरतात. ओळखशब्द न लिहिता नुसतं ‘बाजारात तीन बायका’ असं मागावं. तिघींचे चेहरे अभिनेत्रीचेच आले, तर पुरवणीने `woman` हा शब्दच गिळला आहे. ड्रीमबूथच्या संशोधकांनी हा धोका मुळातच ओळखला होता. त्यावर त्यांनी उपाय सांगितला, की मूळ मॉडेलानेच काढलेली ‘कुठल्याही बायकां’ची चित्रं शिकवणीत मिसळत राहायची. पोस्टरवर एकटीच हवी असेल तर हा खटाटोप टाळता येतो. सोबत कोरस उभा करायचा असेल तर टाळता येत नाही.

दोष दिसला की लोक शिकण्याचा वेग आणि पुरवणीचा आकार यांचे आकडे बदलत बसतात. त्याआधी दोषाला जबाबदार फोटो शोधावा. कुर्ता सारखा पिवळा येतो? कुठल्या फाइलमध्ये तो शब्द राहून गेला ते पाहा. बाजूचा चेहरा अनोळखी वाटतो? बाजूचा आणखी एक फोटो काढा. एक फोटो बदलून पुन्हा शिकवलं, तर काय बदललं ते नेमकं कळतं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘फ्लक्स’सारख्या नव्या मॉडेलांत कॅप्शनची पकड थोडी सैल झाली आहे. तिथे अनेक जण नुसत्या ओळखशब्दावर किंवा दोन साध्या वाक्यांवर काम भागवतात आणि चेहरा बरा साधतो. फोटोंच्या विविधतेला मात्र तिथेही सूट मिळालेली नाही. एकाच साडीतले बारा फोटो फ्लक्सलाही साडीसकटच पाठ होतात.

तयार झालेल्या पुरवणीच्या फाइलला कुलूप नसतं. ती ज्याच्या हाती लागेल त्याला अभिनेत्रीचा चेहरा कुठल्याही प्रसंगात, कुठल्याही अवस्थेत बसवता येतो, आणि मूळ बारा फोटो पुसून टाकल्याने यात काही फरक पडत नाही. म्हणून संमती घेताना फाइल कुणाकडे राहील, कशासाठी वापरली जाईल आणि नाटक संपल्यावर ती पुसायची की नाही, हे तीन मुद्दे कागदावर लिहून घ्यावेत. फाइल कुठल्याही सार्वजनिक साठ्यावर चढवू नये. आणि स्वतःचाच चेहरा शिकवत असाल, तरी ती मित्राला ‘गंमत म्हणून’ पाठवू नका.